पॉलिसी पाच लाखांची, बिल साडेतीन लाखांचं, तरी खिशातून दीड लाख: डिडक्टिबल आणि को-पेचा हिशेब

साताऱ्याच्या ६६ वर्षांच्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत, पण प्रकार अगदी नेहमीचा आहे. काकूंची पाच लाखांची आरोग्य विमा पॉलिसी आहे, वयाच्या ६३ व्या वर्षी काढलेली. पुण्यात एका गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. बिल आलं ३,४५,००० रुपये. पाच लाखांच्या पॉलिसीत हे सहज बसतंय, असं घरच्यांनी धरलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी इन्शुरन्स डेस्कवरून निरोप आला की कंपनीने २,००,००० मंजूर केलेत, उरलेले १,४५,००० भरा.

अशा वेळी घरात पहिलं वाक्य येतं, "कंपनीने फसवलं." कधीकधी ते खरंही असतं. पण या बिलात कंपनीचा हिशेब पैशापैशाने बरोबर होता. पॉलिसीत ५० हजारांचं वार्षिक डिडक्टिबल होतं, २० टक्के को-पे होता आणि खोलीभाड्याला मर्यादा होती. तिन्ही गोष्टी कागदावर लिहिलेल्या होत्या. त्या एकामागून एक कशा लागतात, हे मात्र कुणी बसून पाहिलं नव्हतं. तेच इथे करू.

दोन्हीत फरक काय

डिडक्टिबल म्हणजे ठरलेली रुपयांतली रक्कम. तेवढा खर्च आधी तुमचा, त्याच्या वरचा कंपनीचा. बिल एक लाखाचं असो की दहा लाखांचं, ५० हजारांचं डिडक्टिबल ५० हजारच राहतं.

को-पे म्हणजे टक्केवारी. कंपनीने मान्य केलेल्या खर्चातला ठरलेला टक्का प्रत्येक क्लेममध्ये तुमचा. बिल वाढलं की तुमचा वाटाही वाढतो. २० टक्के को-पे लाखाच्या क्लेमवर वीस हजार होतो आणि दहा लाखांच्या क्लेमवर दोन लाख.

या दोन्हींनी विमा रक्कम कमी होत नाही, असं विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या प्रमाणित व्याख्येतच म्हटलं आहे. म्हणजे काकूंच्या पॉलिसीतून कंपनीने दोन लाख दिले, तर त्या वर्षासाठी तीन लाख शिल्लक राहतात. काकूंनी स्वतः भरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

को-पे बहुतेकदा सक्तीचा असतो. ज्येष्ठांच्या पॉलिसींत तो हमखास भेटतो. साठीनंतर पहिल्यांदा पॉलिसी काढणाऱ्यांना अनेक कंपन्या लावतात, आणि नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांच्या क्लेमला बऱ्याचदा लागतो. सगळ्या कंपन्या एकाच साच्यात विकतात त्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत तर कोणत्याही वयाला प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे आहे. डिडक्टिबल मात्र बऱ्याचदा आपणच निवडलेलं असतं. हप्ता कमी करून हवाय म्हटल्यावर एजंट किंवा वेबसाइट तो पर्याय पुढे करते, आपण टिकमार्क करतो आणि तीन वर्षांनी विसरून जातो. काकूंच्या बाबतीत हेच झालं. को-पे वयामुळे लागला होता आणि डिडक्टिबल मुलाने हप्ता उतरवण्यासाठी घेतलं होतं.

पहिलं काम: पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय ते शोधा

पॉलिसीची जाडजूड पीडीएफ वाचायला सुरुवात करू नका. सोबत 'कस्टमर इन्फर्मेशन शीट' नावाचं छोटं पत्रक येतं. १ जानेवारी २०२४ पासून ते नव्या नमुन्यात द्यावं लागतं, आणि त्यात को-पे, डिडक्टिबल व उपमर्यादा एकाच ठिकाणी मांडलेल्या असतात. मागितलं तर ते मराठीतही मिळायला हवं. ते हाताशी नसेल तर पॉलिसी शेड्यूल उघडा, म्हणजे ज्या पानावर तुमचं नाव, विमा रक्कम आणि हप्ता छापलाय ते. तुम्ही निवडलेलं डिडक्टिबल तिथे रुपयांत दिसतं.

आकडा सापडला म्हणजे काम झालं असं नाही. त्याच्या शेजारचे शब्द जास्त महत्त्वाचे.

डिडक्टिबलसमोर 'वार्षिक', 'अॅग्रीगेट' असं काही लिहिलंय की 'प्रत्येक क्लेमला', ते बघा. वार्षिक असेल तर पॉलिसी वर्षात ते एकदाच संपवायचं असतं. प्रत्येक क्लेमला असेल तर दर वेळी नव्याने. काकूंना चार महिन्यांनी डेंग्यू झाला आणि ६० हजारांचा खर्च मान्य झाला, असं धरा. वार्षिक डिडक्टिबल गुडघ्याच्या वेळीच संपलंय, त्यामुळे ६० हजारांवर फक्त २० टक्के को-पे लागेल आणि ४८ हजार मिळतील. तेच डिडक्टिबल प्रत्येक क्लेमचं असतं, तर ६० मधून आधी ५० गेले, उरलेल्या दहा हजारांवर को-पे, हाती आठ हजार. आजार तोच, आकडा तोच, फरक चाळीस हजारांचा. प्रत्येक क्लेमच्या डिडक्टिबलमध्ये एक दिलासा मिळू शकतो: त्याच आजारासाठी शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत पुन्हा दाखल व्हावं लागलं, तर प्रमाणित व्याख्येप्रमाणे तो एकच आजार धरतात. त्यामुळे तुमच्या पॉलिसीत 'क्लेम' या शब्दाला ही व्याख्या जोडली आहे का, ते पाहून ठेवा.

फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असेल, तर डिडक्टिबल सगळ्या कुटुंबाचं मिळून एक आहे की माणशी, हेही बघून घ्या.

को-पेसमोर तो कधी लागतो हे वाचा. काही पॉलिसींत पॉलिसी घेतानाचं वय मोजतात. साठीच्या आत घेतली असेल तर पुढे सत्तरीतही को-पे नाही. काहींमध्ये क्लेमच्या वेळचं वय मोजतात, म्हणजे ६१ वं लागलं की को-पे सुरू. हा फरक जाहिरातीत दिसत नाही.

आणि आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं असा प्रकार म्हणजे झोनचा को-पे. अनेक कंपन्या शहरांचे झोन पाडतात आणि मुंबईसारख्या महागड्या झोनचा हप्ता जास्त ठेवतात. सातारा, सांगली, लातूर, रत्नागिरी अशा ठिकाणच्या पत्त्यावर पॉलिसी घेतली की हप्ता कमी बसतो. पण मोठा आजार आला की आपण धावतो मुंबईला, आणि तिथे दाखल झाल्यावर जादा को-पे लागतो. ज्यांची मुलं मुंबईत आहेत आणि उपचार तिथेच होणार हे जवळपास ठरलेलं आहे, त्यांनी वरच्या झोनचा हप्ता भरण्यातच शहाणपण आहे. वयाचा २० टक्के आणि झोनचा १० टक्के असे दोन को-पे एकाच क्लेमला लागत असतील, तर ते बेरजेने लागतात की एकावर एक, हेही विचारा. अडीच लाखांवर बेरजेने ३० टक्के म्हणजे ७५ हजार. एकावर एक लावले तर आधी ५० हजार, मग उरलेल्या दोन लाखांचे दहा टक्के, असे मिळून ७० हजार.

पॉलिसी नवी असेल तर हे सगळं हातात पडल्यापासून ३० दिवसांत करा. या मुदतीत पटलं नाही तर पॉलिसी परत करता येते.

दुसरं काम: मान्य खर्च काढा

डिडक्टिबल आणि को-पे बिलावर लागत नाहीत. ते लागतात मान्य खर्चावर. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून काकूंचं बिल उलगडून पाहू.

- खोलीभाडं, चार दिवस, दिवसाला ६,०००: २४,०००
- सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर: १,४४,०००
- डॉक्टरांच्या भेटी: १२,०००
- इम्प्लांट: ९५,०००
- औषधं आणि शस्त्रक्रियेचं साहित्य: ३९,०००
- तपासण्या: १६,०००
- फाइल चार्ज, सोबतच्या माणसाचं जेवण, टॉयलेटरीज आणि असंच बारीकसारीक: १५,०००

एकूण ३,४५,०००.

शेवटची ओळ आधी जाते. या वस्तूंची यादी पॉलिसीच्या मागे परिशिष्टात असते, आणि त्यांचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला असेल तरच मिळतात. गेले १५ हजार.

मग खोली. काकूंच्या पॉलिसीत भाड्याला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० ची मर्यादा होती आणि खोली घेतली ६,००० ची. चार दिवसांचे चार हजार तर गेलेच, पण एवढ्यावर भागत नाही. खोली महाग घेतली की रुग्णालयात डॉक्टर आणि थिएटरचे दरही त्या वर्गाप्रमाणे चढतात. म्हणून कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात कापते. पाच हजार भागिले सहा हजार, म्हणजे सहा भागांतले पाचच मान्य. सर्जन, थिएटर आणि भेटींचे मिळून १,५६,००० होते. त्यातले १,३०,००० मान्य झाले आणि २६ हजार गेले.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही प्रमाणातली कात्री लावता येत नाही. 'आयआरडीएआय'च्या २०२० च्या सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे. आयसीयूच्या खर्चालाही लावता येत नाही. जिथे खोलीच्या वर्गाप्रमाणे डॉक्टरांचे दर बदलतच नाहीत, अशा रुग्णालयातही लावता येत नाही. लहान गावातल्या रुग्णालयांमध्ये बऱ्याचदा सगळ्यांना एकच दर असतो. तिथे ही कपात दिसली तर हरकत घ्या आणि 'आमच्याकडे दर खोलीप्रमाणे बदलत नाहीत' असं रुग्णालयाकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

काकूंच्या बिलातून १५, ४ आणि २६ असे ४५ हजार गेले. मान्य खर्च उरला ३,००,०००.

तिसरं काम: आधी डिडक्टिबल, मग को-पे

तीन लाखांतून ५० हजार डिडक्टिबल वजा केलं, उरले अडीच लाख. त्याचे २० टक्के को-पे ५० हजार. कंपनीने दिले दोन लाख. काकूंच्या वाट्याला ४५ अमान्य, ५० डिडक्टिबल, ५० को-पे, असे १,४५,०००.

हाच क्रम उलटा केला तर काय होईल? तीन लाखांचे २० टक्के आधी काढले, ६० हजार गेले, उरले २,४०,०००. त्यातून डिडक्टिबलचे ५० हजार गेले, हातात १,९०,०००. दहा हजारांचा फटका. हा फरक नेहमी डिडक्टिबल गुणिले को-पेचा टक्का एवढाच असतो, त्यामुळे तो तोंडी काढता येतो. इथे ५० हजारांचे २० टक्के म्हणजे दहा हजार. आधी डिडक्टिबल आणि मग उरलेल्यावर को-पे, ही पद्धत बहुतेक पॉलिसींमध्ये लिहिलेली असते आणि ग्राहकाला तीच सोयीची. तुमच्या पॉलिसीत क्रम दिला असेल तर सेटलमेंटच्या पत्रातही तोच हवा.

हिशेबात होणारी आणखी एक चूक म्हणजे को-पे थेट बिलावर लावणं. ३,४५,००० चे २० टक्के म्हणजे ६९ हजार होतात. ५० हजारांऐवजी ६९ हजार कापले गेले, तर अमान्य वस्तूंचे पैसे आधीच भरूनही त्यांच्यावर पुन्हा टक्का मोजला गेला असा त्याचा अर्थ. रुग्णालयाने कंपनीला दिलेली सूटही को-पेच्या आधी वजा व्हायला हवी. कॅशलेस बिलात ती 'एमओयू डिस्काउंट' वगैरे नावाने दिसते. कमी झालेल्या बिलावर टक्का कमीच बसला पाहिजे.

मोठ्या बिलात विमा रकमेची मर्यादा कुठे लागते

काकूंचं बिल पाच लाखांच्या आत होतं म्हणून हा प्रश्न आला नाही. समजा मान्य खर्च आठ लाख झाला असता. डिडक्टिबल गेल्यावर साडेसात लाख, २० टक्के को-पे गेल्यावर सहा लाख. विमा रक्कम पाच लाख, म्हणून कंपनी पूर्ण पाच लाख देईल. या पद्धतीत मोठ्या बिलात को-पेमुळे कंपनीचं देणं कमी होत नाही, कारण तो मर्यादेच्या वरच्या खर्चात जिरून जातो.

पण काही कंपन्या आधी आठ लाखांना पाच लाखांवर आणतात आणि मग त्यावर टक्का लावतात. तेव्हा पाच लाखांचे २० टक्के गेले आणि नुसत्या को-पेमुळेच हातात चार लाख. को-पेने विमा रक्कम कमी होत नाही या व्याख्येशी मला ही पद्धत जुळत नाही असंच वाटतं. पण पॉलिसीत 'मान्य क्लेम रक्कम' म्हणजे विमा रकमेच्या आतली रक्कम, अशी व्याख्या केली असेल तर वाद लांबतो. म्हणून पॉलिसी घेतानाच कंपनीला ईमेलवर एक प्रश्न विचारून ठेवा: मान्य खर्च आठ लाख, विमा पाच लाख, को-पे २० टक्के, तर तुम्ही किती देणार? उत्तर आकड्यात मागा. एजंटच्या तोंडी उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

सुपर टॉप-अपचं डिडक्टिबल

नोकरदारांच्या घरी डिडक्टिबल बहुतेकदा टॉप-अपमधून येतं, म्हणजे डिडक्टिबलच्या वरच्याच खर्चासाठी घेतलेल्या जादा पॉलिसीतून. ऑफिसची पाच लाखांची पॉलिसी आहे, तिच्यावर पाच लाखांच्या डिडक्टिबलची वीस लाखांची सुपर टॉप-अप घेतली. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळं ओलांडावं लागतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचे मान्य खर्च एकत्र मोजतात. वर्षात तीन तीन लाखांचे दोन क्लेम झाले, तर साधी टॉप-अप काहीच देणार नाही आणि सुपर टॉप-अप एक लाख देईल. हप्त्यातला फरक पाहता साधी टॉप-अप घ्यावी असं कारण मला सहसा दिसत नाही.

इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, डिडक्टिबल ओलांडलं की नाही हे बिलावरून ठरवतात. बिल ५,४०,००० झालं, पाचच्या वर गेलं, म्हणून सुपर टॉप-अपकडे ४० हजारांचा क्लेम टाकला. कंपनीने अमान्य वस्तू वगळून खर्च ४,९५,००० काढला आणि क्लेम परत आला. मान्य खर्च पाच लाखांच्या वर जायला हवा.

दुसरं याच्या बरोबर उलट आहे, आणि त्यात लोक हक्काचे पैसे सोडून देतात. ऑफिसच्या पॉलिसीत वडिलांच्या क्लेमला १० टक्के को-पे आहे. मान्य खर्च ५,२०,००० झाला, ऑफिसच्या विम्याने ४,६८,००० दिले. मुलगा म्हणतो, पाच लाख मिळालेच नाहीत, मग सुपर टॉप-अप कशी लागू होईल? लागू होते. बहुतेक सुपर टॉप-अपमध्ये पहिल्या विम्याने किती दिले हे मोजत नाहीत, एकूण मान्य खर्च किती झाला हे मोजतात. पाच लाखांपर्यंतचा खर्च विम्याने केला, तुम्ही केला की दोघांनी मिळून केला, याने फरक पडत नाही. ५,२०,००० मधले वरचे २० हजार मिळतात आणि ५२ हजारांचा को-पे ३२ हजारांवर येतो. तुमच्या सुपर टॉप-अपच्या कागदात डिडक्टिबलची व्याख्या वाचून याची खात्री करा.

यासाठी तयारी मात्र आधीपासून लागते. डिडक्टिबल ओलांडलं जाईल असं वाटत नसलं, तरी दाखल झाल्यावर सुपर टॉप-अपच्या कंपनीलाही मुदतीत कळवा. पहिल्या कंपनीकडे मूळ बिलं जातील, त्याआधी सगळ्यांच्या प्रती काढून रुग्णालयाचा शिक्का मारून घ्या, आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर जपा. त्या पत्राशिवाय दुसरा क्लेम पुढे सरकत नाही. वर्षाच्या सुरुवातीचे छोटे क्लेमसुद्धा असेच फाइलला लावून ठेवा, कारण सुपर टॉप-अपमध्ये त्यांचीही बेरीज होते.

ऑफिसची पॉलिसी पाचची आणि सुपर टॉप-अपचं डिडक्टिबल दहाचं, असं जोडकाम केलं असेल, तर मधले पाच लाख पूर्णपणे तुमचे. नोकरी बदलल्यावर नव्या ऑफिसची विमा रक्कम तीन लाख निघते आणि हे भोक नकळत पडतं.

चौथं काम: दाखल होण्याआधी आणि डिस्चार्जच्या दिवशी

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज ओळीओळीने मागा, नुसता एकूण आकडा नको. त्यावर वरचाच हिशेब घरी करा आणि जेवढा आकडा निघेल तेवढे पैसे बाजूला ठेवा. खोली निवडताना पॉलिसीच्या मर्यादेतलीच घ्या. काकूंनी पाच हजारांची खोली घेतली असती, तर कमी खोलीच्या वर्गाप्रमाणे थिएटर आणि डॉक्टरांचं बिलच मुळात कमी झालं असतं. बिल तेवढंच चढलं असतं असं जरी धरलं, तरी २६ हजारांची प्रमाणातली कपात टळली असती.

कॅशलेसची पहिली मंजुरी बहुतेकदा अर्धवट रकमेची असते. तिच्यावरून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. खरा आकडा डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीत येतो, आणि मे २०२४ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाकडून मागणी गेल्यापासून तीन तासांत ती यायला हवी. त्या पत्रात कपातीची प्रत्येक ओळ बघा: अमान्य वस्तू किती, प्रमाणातली कपात किती, डिडक्टिबल किती, को-पे किती टक्के आणि कशावर. 'अदर डिडक्शन्स' असं एकच मोघम शीर्षक दिसलं, तर पैसे भरण्याआधी डेस्कवरच फोड मागा. पैसे भरून घरी गेल्यावर तीच माहिती मिळायला पंधरा दिवस लागतात.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं, फिजिओथेरपी यांचा क्लेम वेगळा टाकावा लागतो. त्यावरही को-पे लागतो, पण वार्षिक डिडक्टिबल आधीच संपलेलं असेल तर पुन्हा कापायला नको. या दुसऱ्या क्लेममध्ये ५० हजार परत कापल्याची उदाहरणं दिसतात. क्लेम वेगळ्या टेबलवर जातो आणि आधीचा हिशेब कुणी उघडत नाही. पहिल्या सेटलमेंट लेटरची प्रत जोडून 'डिडक्टिबल या क्लेममध्ये पूर्ण झाले आहे' असं वरच्या पत्रात लिहिलं, तर हे टळतं.

हप्ता वाचतो म्हणून घ्यावं का

डिडक्टिबलचा सौदा तपासायला एकच भागाकार पुरतो. समजा डिडक्टिबल नसताना हप्ता ३०,००० आणि ५० हजारांच्या डिडक्टिबलसह २२,५००. वर्षाला साडेसात हजार वाचले. ५० हजार भागिले साडेसात हजार, म्हणजे सुमारे सात वर्षं. सात वर्षांत दाखल होण्याची वेळ आली नाही तर तुम्ही फायद्यात. तिशी-पस्तिशीतल्या निरोगी माणसाला, ज्याच्या खात्यात ५० हजार कायम पडून असतात, हे परवडतं. साठीतल्या मधुमेही माणसाला सात वर्षांचा भरवसा धरता येत नाही.

स्वतःहून निवडायच्या को-पेबद्दल माझं मत कडक आहे: घेऊ नये. डिडक्टिबलमध्ये तुमचं नुकसान जास्तीत जास्त किती होईल ते आज सांगता येतं. को-पेमध्ये ते मोठ्या आजाराबरोबर वाढत जातं, आणि विमा आपण मोठ्या आजारासाठीच घेतो. सक्तीचा को-पे असेल तर काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो काढून टाकण्याचा पर्याय देतात. नूतनीकरणाच्या वेळी त्याची चौकशी करा आणि वरचाच भागाकार त्यालाही लावा. डिडक्टिबल पुढे कमी करायचं असेल तर कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि वाढलेल्या जोखमीवर नव्याने प्रतीक्षा कालावधी लावू शकते. म्हणून तो निर्णय आजार निघायच्या आत घ्यावा लागतो.

हिशेब चुकलाय असं वाटलं तर

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात राग नको, आकडे हवेत. बिल इतकं, अमान्य इतकं, मान्य खर्च इतका, पॉलिसीच्या अमुक कलमाप्रमाणे डिडक्टिबल आधी, को-पे उरलेल्यावर, म्हणून देणं इतकं, दिलं इतकं, फरक इतका. सोबत कलमाचा फोटो जोडा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर 'आयआरडीएआय'च्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर विमा लोकपाल. महिनाभरात कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, की लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. कुठल्या जिल्ह्याची तक्रार कुठे जाते हे पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर दिलेलं असतं.